वेफर्सची शॅम्पेनशी गट्टी

‘द सेव्हन इयर इच’ या १९५५ च्या हॉलिवूडपटात मेरिलिन मन्रो एका हातात शॅम्पेनची बाटली आणि दुसऱ्या हातात बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन शेजाऱ्याकडे येते, आणि वेफर चक्क शॅम्पेनमध्ये बुडवून खाते. प्रेक्षकांनी हसावं अशीच ती जागा आहे. एक वस्तू मिरवायची, दुसरी येता-जाता तोंडात टाकायची. त्यांची जोडी जमायची कशी? पण आज वाइनच्या धंद्यातली मुरलेली माणसं दिवसभराचं काम आटोपल्यावर हीच जोडी आवडीने समोर ओढतात. इटलीत मोडेना-बोलोन्याच्या परिसरात तर तळलेल्या पिठाच्या गरम पुऱ्या, खारवलेलं डुकराचं मांस आणि फसफसणारी लाल लाम्ब्रुस्को वाइन हा वर्षानुवर्षं रुळलेला साधा घरगुती बेत आहे.

कोडं असं की, नाजूक चवीची वाइन खारट-तेलकट पदार्थापुढे झाकोळून जायला हवी. लाल वाइनचं बऱ्याचदा तसंच होतं. मग फसफसणारीलाच वेफर्स का मानवतात?

उत्तराचा धागा आपल्या गल्लीत सापडतो. वडापावच्या गाडीशेजारी हटकून सोडावाला उभा असतो आणि वडा संपला की हात आपोआप लिंबू सोड्याकडे जातो. त्या ग्लासात काय असतं? आंबट, गार, चुरचुरणारं पाणी, थोडी साखर आणि चिमूटभर मीठ. स्पार्कलिंग वाइनची घडण लाल वाइनपेक्षा या सोड्याच्या जास्त जवळची आहे. आंबटपणा, वायू, गारवा, किंचित साखर हे सगळं तिच्यात असतं. नसतं ते फक्त मीठ. ते ताटलीतून येतं.

आंबटपणा कुठून येतो

साध्या वाइनसाठी द्राक्ष चांगलं पिकू देतात. बागायतदार रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजतो आणि आकडा बावीस-चोवीसच्या आसपास गेला की काढणी करतो. स्पार्कलिंगसाठी मात्र अठराच्या आसपासच द्राक्ष उतरवतात, म्हणजे मुद्दाम जरा कच्चट असताना. कच्च्या द्राक्षात आम्ल भरपूर असतं. पिकताना, विशेषतः उबदार रात्रींमध्ये, त्यातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच जाळून टाकते.

म्हणूनच नाशिकसारख्या उष्ण मुलखात हे काम नाजूक होतं. तिथे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून पीक थंडीत आणलं जातं, म्हणजे द्राक्ष भरताना रात्री गार मिळतात. स्पार्कलिंगचे घड साहजिकच सगळ्यांच्या आधी उतरतात. शिवाय शेनँ ब्लाँ ही मूळची फ्रान्समधली जात उष्ण हवेतही आंबटपणा टिकवून धरते, म्हणून नाशिकच्या बऱ्याच स्पार्कलिंग वाइनचा पाया तीच आहे. महाराष्ट्राला ही वाइन काही काल-परवा कळलेली नाही. नारायणगावच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात शॅम्पेन प्रांतातल्या तज्ज्ञांची मदत घेऊन ती बनवली होती आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली होती.

कच्चट द्राक्षांची ही आंबट, बेताच्या अल्कोहोलची वाइन तयार झाली की शॅम्पेनच्या पद्धतीत ती बाटलीत भरतात आणि तिच्यात लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. यीस्ट साखर खातं, थोडं अल्कोहोल वाढवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाहेर पडायला वाट नसल्याने हा वायू वाइनमध्येच विरघळतो आणि बाटलीतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. पाऊण लिटरच्या बाटलीत अशा रीतीने जवळजवळ पाच लिटर वायू कोंडलेला असतो. तो जिभेवर पोचला की काय करतो, ते पाहण्यासारखं आहे.

चुरचुर बुडबुड्यांची नव्हे

सोडा प्यायल्यावर जीभ चुरचुरते ती बुडबुडे फुटल्यामुळे, असं आपण धरून चालतो. तसं नाही. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जिभेवर आला की तिथल्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवरचं कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचं विकर त्याचं झपाट्याने आम्लात रूपांतर करतं. म्हणजे वायू जिभेवर पोचल्यावर आम्ल बनतो, आणि ग्लासातल्या आंबटपणात आणखी भर पडते. २००९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवून दिलं. याखेरीज हेच आम्ल तोंडातल्या वेदना-मज्जातंतूंनाही टोचतं, आणि ती टोचणी म्हणजे आपली चुरचुर.

याचा पुरावा हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांकडे आहे. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अनेक जण डायमॉक्स ही गोळी घेतात. तिचं कामच मुळी हे विकर रोखणं. गोळी घेतलेल्या माणसाला कोल्ड्रिंक किंवा बिअर उघडून दिली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात, पण तोंडात ते पेय मिळमिळीत लागतं. उलट बाजूचा प्रयोगही झाला आहे. २०१३ मध्ये काही संशोधकांनी लोकांना जास्त दाबाच्या बंद खोलीत बसवून सोडा प्यायला दिला. तिथे बुडबुडे तयारच होऊ शकत नव्हते, तरी चुरचुर तितकीच जाणवली.

बुडबुडे अगदीच निरुपयोगी आहेत असं नव्हे. ते सुगंध वर आणतात, तोंडात फेसाचा मऊ स्पर्श देतात. खडबडीत कणांवर ते जास्त भराभर तयार होतात, त्यामुळे वेफरचा चुरा तोंडात असताना घेतलेला घोट जास्त फेसाळतो. पण वडा-भजीला हवा असलेला डंख विरघळलेल्या वायूचा असतो. या फरकाचा उपयोग पुढे होईल.

तेलाचं काय होतं

तेल १७०-१८० अंशांवर असताना वडा सोडला की पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि जोराने बाहेर पडते. ती जाते तिथे बारीक छिद्रं राहतात. वडा बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते, पोकळी तयार होते आणि कवचावरचं तेल त्या छिद्रांत ओढलं जातं. म्हणून तळलेल्या पदार्थाचं बरंचसं तेल कवचातच असतं, आणि पहिल्या घासाला ते थेट जिभेवर-टाळूवर पसरतं. पहिल्या घासाला हेच तेल चव पोचवतं. चार घासांनंतर मात्र त्याचा थर साचतो आणि पाचवा घास पहिल्यासारखा लागत नाही.

वाइनचे बुडबुडे हा थर ‘घासून काढतात’ असं जागोजागी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. बारा टक्के अल्कोहोलची वाइन म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात तेल विरघळत नाही. आम्लही तेल ‘कापत’ नाही, साबणासारखं तर नाहीच. मग तोंड हलकं होतं ते कशाने?

एक म्हणजे लाळ. आंबट चवीइतकं लाळ सोडवणारं दुसरं काही नाही. चिंच नुसती आठवली तरी पुरतं. लाळेतली प्रथिनं तेलाचे बारीक थेंब करून ते घोटाबरोबर पुढे ढकलायला मदत करतात. दुसरं कारण स्पर्शाचं आहे. तेलकटपणा ही मुळात घसरण्याची जाणीव आहे आणि तुरटपणा ही खरखरीतपणाची. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या पॉल ब्रेस्लिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की तुरट चहाचे लहान लहान घोट आणि मधूनमधून चरबीयुक्त मांसाचे तुकडे असं आलटून पालटून घेतलं की दोन्ही जाणिवा एकमेकींना आवर घालतात. भज्यांबरोबर चहा का लागतो, याचं उत्तर त्यात आलंच. स्पार्कलिंग वाइनमध्ये चहासारखं टॅनिन फारसं नसतं, पण तीव्र आम्लही लाळेतल्या निसरड्या प्रथिनांना बिघडवून तोंड थोडं तुरट करतं. तेलाने घसरलेली जीभ वाइनने पुन्हा जाग्यावर येते आणि वाइनने कोरडलेली जीभ तेलाने मऊ होते. हा व्यवहार घोटाघोटाने चालतो, म्हणून मोठा ग्लास एकदम रिचवण्यात अर्थ नाही.

इथे एक अडचण स्वयंपाकघरातून येते. वनस्पती तुपात तळलेला पदार्थ आणि सात-आठ अंशांची गार वाइन एकत्र आली की ते तूप टाळूवर थिजतं आणि मेणचट चिकटा बसतो. मग कितीही आंबट वाइन घेतली तरी तोंड स्वच्छ होत नाही. बाहेरून आणलेल्या फरसाणाबरोबर वाइन ‘जमली नाही’ असं वाटलं तर आधी जिभेने टाळू चाचपून पाहावा. शेंगदाणा किंवा सूर्यफुलाच्या तेलात तळलेल्या पदार्थाने असं होत नाही.

मीठ वाइनला काय करतं

आतापर्यंत वाइनने पदार्थासाठी काय केलं ते पाहिलं. पण या जोडीत पदार्थही वाइनचं भलं करतो, आणि माझ्या मते तोच भाग जास्त मोलाचा आहे. मिठातलं सोडियम जिभेला कडवटपणा कमी जाणवू देतं. कडू दबलं की त्याच्या आड लपलेली गोडी वर येते. कोरडी स्पार्कलिंग वाइन नुसती प्यायली तर अनेकांना ती आंबट-कडवट, जरा अंगावर येणारी वाटते. एक खारा वेफर खाऊन तोच घोट घ्या. आता तीच वाइन मऊ लागते, सफरचंद-लिंबाचा वास ओळखू येतो आणि जी साखर आहे की नाही अशी शंका होती, ती जाणवते. बाटली तीच असते. बदललेली असते जीभ.

लाल वाइन इथे मागे पडते ती आम्ल कमी, चुरचुर नाही आणि पिण्याचं तापमान जास्त यामुळे. तिच्या टॅनिनला खारं चालतं, पण तोंड ताजं करायला तिच्याकडे फारसं काही नसतं.

चौकट : लेबलवरचे शब्द

साखर लिटरमागे ग्रॅममध्ये, युरोपीय नियमांनुसार :

ब्रूट नेचर : ३ पेक्षा कमी, वरून साखर न घालता
एक्स्ट्रा ब्रूट : ० ते ६
ब्रूट : १२ पेक्षा कमी
एक्स्ट्रा ड्राय : १२ ते १७
सेक किंवा ड्राय : १७ ते ३२
डेमी-सेक : ३२ ते ५०

फसगत होते ती ‘एक्स्ट्रा ड्राय’ या शब्दाने. नाव ऐकून ती सर्वांत कोरडी वाटते, प्रत्यक्षात ती ब्रूटपेक्षा गोड असते.

एक ताटली, पाच पदार्थ

आता एकाच ताटलीत हे तपासू. साधे खारे वेफर्स, बटाटावडा, रवा लावलेले तळलेले बोंबील, मिरची भजी आणि बाकरवडी. सगळं तळलेलं, सगळं खारं, पण एकच बाटली या पाचांना पुरी पडत नाही.

वेफर्स सर्वांत सोपे. मीठ पृष्ठभागावरच असल्याने जिभेला लगेच भिडतं आणि बटाट्याची चव वाइनच्या आड येत नाही. म्हणूनच चांगली, जुनी बाटली उघडायची तर इथे उघडावी. शॅम्पेनच्या पद्धतीत वाइन बाटलीतल्या मेलेल्या यीस्टच्या गाळावर बराच काळ पडून राहते. कावा या स्पार्कलिंग वाइनला किमान नऊ महिने लागतात, तर शॅम्पेन बाटलीत भरल्यापासून किमान पंधरा महिने विकता येत नाही. या काळात यीस्टच्या पेशी फुटतात आणि वाइनला भाजलेल्या पावाच्या कडेचा वास आणि ग्लुटामेटची हलकी चव देतात. २०२० मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी शॅम्पेन आणि कालवं यांच्या जोडीमागे या ग्लुटामेटचा वाटा असल्याचं मांडलं. तळलेल्या बटाट्याच्या खरपूसपणाशी तो पावाचा वास छान जुळतो. ब्रूट किंवा एक्स्ट्रा ब्रूट इथे घ्यावी. मात्र वेफर्स साधेच हवेत. टोमॅटो किंवा मसाला स्वादाच्या पाकिटात साखर आणि आंबटपणा आधीच घातलेला असतो आणि वाइनला करायला काही उरत नाही.

बटाटावडा जरा अवघड. मीठ आत, बटाट्याच्या मऊ गोळ्यात मुरलेलं असतं, त्यामुळे ते उशिरा आणि कमी जाणवतं. वर बेसनाचं जाड कवच, आलं, लसूण, हिरवी मिरची. इथे अगदी कोरडी एक्स्ट्रा ब्रूट टोकदार वाटते, कारण तिला मऊ करायला जिभेवर पुरेसं मीठ नसतं. आठ-दहा ग्रॅम साखर असलेली ब्रूट किंवा प्रोसेको एक्स्ट्रा ड्राय जास्त चांगली. प्रोसेकोत दुसरं आंबवणं बाटलीऐवजी मोठ्या बंद टाकीत होतं, यीस्टचा सहवास कमी असतो, म्हणून पावाऐवजी नाशपाती आणि फुलांचा ताजा वास उरतो; वड्यातल्या कोथिंबिरीला तो चालतो. सुक्या लसणाच्या चटणीतलं मीठ आणि खोबऱ्याचं तेल जोडीला बळ देतात. चिंचगुळाची गोड चटणी मात्र बाजूला ठेवावी.

बोंबलांना माझं पहिलं मत ब्रूट नेचर किंवा एक्स्ट्रा ब्रूटला. रव्याचं कवच कडक, आत मासा पाणीदार आणि सौम्य. एकच पथ्य : लिंबू पिळू नये. पदार्थ आंबट असला की वाइनचा आंबटपणा कमी जाणवतो आणि ती पाणचट लागते. लिंबाचं काम वाइनला करू द्यावं.

मिरची भजीपाशी मात्र सगळं गणित उलटतं. तिखटाची आग कॅप्सेसिनमुळे उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर होते. ही टोकं एरवी ४२ अंशांच्या आसपास चेततात. अल्कोहोल तो उंबरठा ३४ च्या आसपास खाली आणतं. तोंडाचं स्वतःचं तापमान त्याहून जास्त असतं, म्हणून आधीच पेटलेली जीभ वाइनने आणखी पेटते. वर कार्बन डायऑक्साइडची चुरचुर त्याच ट्रायजेमिनल मज्जातंतूकडून मेंदूकडे जाते. म्हणजे वड्याबरोबर जो डंख हवाहवासा होता, तोच इथे दुसरी मिरची ठरतो. गार घोट क्षणभर बरा वाटतो आणि तो ओसरला की आग दुप्पट होते. ब्रूट इथे नकोच. इटलीची मोस्कातो दास्ती चालते. तिच्यात अल्कोहोल जेमतेम पाच-साडेपाच टक्के, वायूचा दाब शॅम्पेनच्या निम्म्याहून कमी आणि साखर लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे. गोडी तिखटाला आवर घालते. ती नसेल तर भज्यांसोबत ताक प्यावं, वाइन वाया घालवू नये.

बाकरवडी फसवी आहे. तळलेली आणि खारी म्हणून आपण तिला वेफर्सच्या रांगेत बसवतो, पण सारणात साखर आणि चिंच असते. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइनची गोडी हरपते आणि नुसतं आम्ल उरतं. बाकरवडीचा तुकडा आणि ब्रूटचा घोट असं केलं की चांगली वाइनसुद्धा कच्च्या कैरीसारखी लागते. इथे सेक किंवा डेमी-सेकच हवी. गोड शेव, गुळपापडी, शंकरपाळे यांनाही हाच नियम लागतो. दिवाळीच्या फराळात चकलीला ब्रूट आणि शंकरपाळ्यांना डेमी-सेक अशी फारकत करावी लागते.

फेस गेला म्हणजे वायू गेला का

तळलेलं खाताना हटकून दिसणारी गोष्ट म्हणजे ग्लासातला फेस झटकन बसतो. पाहुणे म्हणतात, बाटली शिळी दिसते. बहुतेक वेळा दोष बाटलीचा नसतो. तेलाचे सूक्ष्म कण फेसाची पातळ पडदी फोडतात आणि ओठांवरचं तेल ग्लासाच्या कडेवरून वाइनच्या पृष्ठभागावर उतरतं. फेस जातो, पण विरघळलेला वायू आत असतोच. चुरचुर त्याचीच असते हे वर पाहिलंच. म्हणून डोळ्यांवर विश्वास न ठेवता घोट घेऊन पाहावं. जीभ चुरचुरली तर वाइन ठीक आहे. घोट आंबट-गोड पण सपाट लागला, तर वायू खरोखर गेलेला.

आणि वायू जातो तो मुख्यतः दोन चुकांनी. वाइन कोमट असली की तो झपाट्याने निसटतो, म्हणून ती सहा ते दहा अंशांवर असावी आणि बाटली टेबलावर बर्फ-पाण्यात बुडवून ठेवावी. दुसरी चूक ओतण्याची. उभ्या ग्लासात वरून धार सोडली की फेस छान उसळतो आणि त्याच्याबरोबर बराच वायू उडून जातो. रॅम्स शहरात शॅम्पेनच्या बुडबुड्यांचा अभ्यास करणाऱ्या जेरार लिजे-बेलेर यांच्या गटाने २०१० मध्ये मोजून दाखवलं की बिअरसारखा ग्लास तिरका धरून काठावरून ओतलं तर वायू लक्षणीय जास्त टिकतो. वेटरला ते शोभिवंत वाटत नाही. वड्यांची ताटली समोर असेल तर शोभा त्याला ठेवू द्यावी आणि ग्लास आपण तिरका धरावा.